लवाद नेमून घेण्यासाठी उच्च न्यायालयात जाताना : करार तपासण्यापासून आदेशापर्यंत

कंत्राटात कुठेतरी 'वाद लवादाकडे सोपवला जाईल' अशी अट असते. पुढे पैसे अडकतात आणि समोरचा पक्ष लवाद नेमायला तयार होत नाही. अशा वेळी लवाद व समेट अधिनियम, १९९६ च्या कलम ११ खाली उच्च न्यायालयात अर्ज करून लवाद नेमून घेता येतो. पहिल्यांदाच या वाटेला जाणारे बहुतेक जण एक चूक करतात. पैसे का येणं आहेत, काम किती चांगलं झालं, समोरच्यानं कसं फसवलं हे सगळं ते त्या अर्जात मांडतात. न्यायालयाला त्या टप्प्यावर यातलं काहीच ठरवायचं नसतं. २०१५ च्या दुरुस्तीनं कलम ११ मध्ये पोटकलम (६-क) आलं आणि त्यानुसार न्यायालय मुख्यतः एवढंच पाहतं की लवाद करार अस्तित्वात आहे का. तुमची तयारी त्या एका प्रश्नाभोवती असली पाहिजे.

हे नीट समजावं म्हणून एक काल्पनिक प्रकरण शेवटपर्यंत सोबत ठेवू. सांगलीची एक भागीदारी संस्था इलेक्ट्रिकल कामं घेते. मुंबईतल्या एका मुख्य कंत्राटदार कंपनीनं तिला कुपवाड औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्याचं वायरिंग आणि पॅनेलचं काम १० जून २०२२ च्या वर्क ऑर्डरनं दिलं. काम २८ फेब्रुवारी २०२३ ला पूर्ण झालं. फायनल बिल १६ मार्च २०२३ ला दिलं, त्याची रक्कम ४५ दिवसांत म्हणजे ३० एप्रिल २०२३ पर्यंत मिळायला हवी होती. बिलाचे २९ लाख आणि रिटेन्शनचे ९ लाख असे ३८ लाख रुपये येणं आहेत. वर्क ऑर्डरच्या सर्वसाधारण अटींत अट क्र. २३ अशी आहे :

"या वर्क ऑर्डरमधून उद्भवणारे सर्व वाद कंपनीच्या व्यवस्थापकीय संचालकांकडे एकमेव लवाद म्हणून सोपवले जातील व त्यांचा निर्णय दोन्ही पक्षांवर बंधनकारक राहील. लवादाचे स्थान मुंबई राहील. तत्पूर्वी दोन्ही पक्ष तीस दिवस चर्चेने वाद मिटवण्याचा प्रयत्न करतील."

पहिली पायरी : अट शब्दशः वाचा

कायद्याच्या कलम ७ नुसार लवाद करार लेखी असावा लागतो. तो वेगळा करारनामा असू शकतो किंवा मोठ्या करारातली एखादी अट. पण 'लवाद' हा शब्द छापलेला आहे म्हणून करार झाला, असं नाही. आजच दोघं बांधले गेले आहेत की वाद झाल्यावर पुन्हा दोघांनी ठरवायचं आहे, हे त्या वाक्यातून दिसलं पाहिजे.

आपल्या अटीत 'सोपवले जातील' आणि 'बंधनकारक राहील' असं आहे. वाद त्रयस्थाकडे जाणार, तो निवाडा देणार आणि तो दोघांनी पाळायचा, हे तिन्ही घटक आले. आता हीच अट 'पक्षांनी तसे ठरवल्यास वाद लवादाकडे सोपवले जातील' अशी असती तर? सर्वोच्च न्यायालयानं जगदीश चंदर विरुद्ध रमेश चंदर या २००७ च्या निकालात अशा भाषेला लवाद करार मानायला नकार दिला, कारण पुढे आणखी एक संमती लागते. 'वाद लवादामार्फत सोडवून घेता येतील' अशी सैल भाषाही धोक्याची आहे. ईस्टर्न कोलफील्ड्सविरुद्धच्या जुलै २०२५ च्या निकालात अशाच ऐच्छिक शब्दरचनेवर कंत्राटदारांची लवाद नेमण्याची मागणी फेटाळली गेली. सरकारी कंत्राटांत आणखी एक सापळा असतो. 'अधीक्षक अभियंत्याचा निर्णय अंतिम राहील' अशी अट पुष्कळांना लवादाची वाटते. त्यात दोन्ही बाजूंचं म्हणणं आणि पुरावा ऐकून वादाचा निवाडा करण्याची कल्पना नसेल, तर ती फक्त काम चालू असताना प्रश्न सोडवण्याची खात्याची अंतर्गत व्यवस्था ठरते.

म्हणून अट वाचताना पेन्सिल घ्या आणि क्रियापदांखाली रेघ मारा. 'जातील', 'राहील' यांच्या शेजारी 'ठरवल्यास', 'शक्य असल्यास', 'येईल' असं काही चिकटलं आहे का ते पाहा. चिकटलेलं असेल तर अर्ज करण्याआधीच वकिलाशी दिवाणी दाव्याचा पर्यायही बोलून ठेवा, कारण अर्ज फेटाळला जाईपर्यंत दाव्याची मुदत निघून जाऊ शकते.

दुसरी पायरी : ती अट तुमच्या कराराचा भाग झाली आहे का

आपल्या प्रकरणात खरी गोम इथे आहे. वर्क ऑर्डर दोन पानांची आहे आणि दुसऱ्या पानावर फक्त 'सोबत जोडलेल्या सर्वसाधारण अटी लागू राहतील' असं वाक्य आहे. लवादाची अट त्या जोडलेल्या अटींत आहे. त्यावर भागीदारांची सही नाही. कंपनी न्यायालयात नक्की म्हणणार की अटींवर सहीच नाही, मग करार कुठला?

सहीचा मुद्दा तेवढा घाबरण्यासारखा नाही. लवाद करार लेखी असला पाहिजे, पण त्यावर दोघांच्या सह्या असल्याच पाहिजेत असं कायदा म्हणत नाही. कॅराव्हेल शिपिंगच्या २०१८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं हे स्पष्ट केलं आहे. ईमेल आणि पत्रव्यवहारातूनही करार सिद्ध होतो. तेव्हा सहीऐवजी मान्यतेचा माग शोधा. वर्क ऑर्डर आणि अटी एकाच ईमेलला जोडून आल्या होत्या का? त्याला 'ऑर्डर मान्य, काम सुरू करत आहोत' असं उत्तर गेलं का? रनिंग बिलांवर त्याच वर्क ऑर्डरचा क्रमांक आहे का, आणि कंपनीनं त्या बिलांचे पैसे दिले का? एवढी साखळी जुळली तर सही नसल्यानं फारसं बिघडत नाही. ईमेलची प्रिंट काढताना जोडलेल्या फायलींची नावं दिसतील अशी काढा. नुसता मजकूर छापला तर अटी त्यासोबत आल्या होत्या हे त्या कागदावरून कळत नाही.

दुसऱ्या दस्तऐवजाकडे बोट दाखवण्याचा मुद्दा मात्र नाजूक आहे. कलम ७(५) म्हणतं की लवादाची अट असलेल्या दस्तऐवजाचा उल्लेख असा हवा, की ती अट या कराराचा भाग होईल. वर्क ऑर्डरमध्ये 'सोबतच्या सर्वसाधारण अटी लागू राहतील' असेल आणि त्या अटी याच दोन पक्षांच्या व्यवहारासाठी असतील, तर तुमची बाजू भक्कम आहे. पण पुष्कळ वेळा सबकॉन्ट्रॅक्टमध्ये असं लिहिलेलं असतं : 'मुख्य कंत्राटातील अटी, योग्य त्या फेरफारांसह, या कामाला लागू राहतील.' मुख्य कंत्राटातली लवादाची अट कारखान्याचा मालक आणि मुख्य कंत्राटदार यांच्यासाठी होती. एवढ्या सर्वसाधारण उल्लेखानं ती सबकॉन्ट्रॅक्टरला मिळत नाही. एम. आर. इंजिनिअर्स विरुद्ध सोम दत्त बिल्डर्स (२००९) आणि एनबीसीसी विरुद्ध झिलियन इन्फ्राप्रोजेक्ट्स (२०२४) हे दोन निकाल नेमके यावर आहेत. तुमची वर्क ऑर्डर या प्रकारची असेल तर कलम ११ चा अर्ज टिकण्याची शक्यता कमी, हे मनाशी धरून चाला.

मुद्रांकाचंही इथेच पाहून घ्या. वर्क ऑर्डरवर पुरेसं मुद्रांक शुल्क भरलेलं नसतं, ही नेहमीची स्थिती. एप्रिल २०२३ मध्ये एन. एन. ग्लोबलच्या निकालानं अशा करारांवर मोठं सावट आलं होतं. १३ डिसेंबर २०२३ ला सात न्यायमूर्तींच्या पीठानं ते दूर केलं. मुद्रांक नसलेला करार पुराव्यात घेता येत नाही, पण तो रद्दबातल नसतो, आणि ही उणीव शुल्क व दंड भरून दुरुस्त होते. लवाद नेमताना न्यायालय त्यात शिरत नाही. पण पुढे लवादापुढे हा प्रश्न येणारच, म्हणून दंडासह होणाऱ्या खर्चाची तरतूद आत्तापासून ठेवा.

भागीदारी संस्थांनी आणखी दोन गोष्टी तपासायच्या. भारतीय भागीदारी अधिनियम, १९३२ च्या कलम १९ नुसार एकट्या भागीदाराला संस्थेच्या वतीनं वाद लवादाकडे नेण्याचा गृहीत अधिकार नसतो. म्हणून नोटीस आणि अर्ज यांसाठी सर्व भागीदारांचं सहीचं अधिकारपत्र घ्या. आणि संस्था नोंदणीकृत नसेल तर अर्जाआधी नोंदणी करून घ्या. नोंदणी नसलेल्या संस्थेच्या अर्जाला जुन्या कायद्याच्या काळापासून आक्षेप घेतला जातो, आणि समोरचा वकील तो घेतल्याशिवाय राहणार नाही.

तिसरी पायरी : लवाद म्हणून कोणाचं नाव आहे

आपल्या अटीत कंपनीचे व्यवस्थापकीय संचालकच लवाद आहेत. नवख्या माणसाला इथे वाटतं की करारच बाद झाला, किंवा उलट, सही केली आहे तर त्यांच्यापुढेच जावं लागेल. दोन्ही समज चुकीचे आहेत. कलम १२(५) आणि सातवी अनुसूची यांनुसार पक्षाचा कर्मचारी, सल्लागार किंवा संचालक लवाद होण्यास अपात्र आहे. टीआरएफ विरुद्ध एनर्गो (२०१७) मध्ये न्यायालयानं पुढे सांगितलं की अपात्र संचालक स्वतःऐवजी दुसऱ्यालाही नेमू शकत नाही. पर्किन्स ईस्टमन (२०१९) मध्ये ते सूत्र आणखी पुढे गेलं : वादाच्या निकालात ज्याचा हितसंबंध आहे, त्यानं एकट्यानं एकमेव लवाद नेमायचा नाही. ८ नोव्हेंबर २०२४ ला घटनापीठानंही रेल्वे विद्युतीकरणाच्या प्रकरणात लवाद नेमताना दोन्ही पक्षांना समान वागणूक मिळण्यावर भर दिला.

यात बाद होतो तो नेमणुकीचा भाग. वाद लवादाकडे न्यायचा हा मूळ करार शिल्लक राहतो आणि नेमणूक न्यायालय करतं.

इथे एक काळजी घ्या. तुमची नोटीस पोचल्यावर कंपनी घाईनं 'आम्ही अमुक यांना लवाद नेमले आहे' असं कळवते आणि त्या लवादाकडून पहिल्या बैठकीचं पत्र येतं. ही अपात्रता माफ करण्याचा एकच मार्ग कायद्यात आहे : वाद निर्माण झाल्यानंतर दोन्ही पक्षांनी लेखी, स्पष्ट संमती देणं. नुसत्या हजेरीनं ती संमती होत नाही, पण बैठकीच्या इतिवृत्तावर 'लवादाच्या नेमणुकीस हरकत नाही' या वाक्याखाली सही केली तर प्रकरण हातचं जाऊ शकतं. पहिल्याच उत्तरात लेखी हरकत नोंदवा आणि अशा इतिवृत्तावर सही करू नका.

चौथी पायरी : कलम २१ ची नोटीस

कलम ११ च्या अर्जाचा पाया ही नोटीस आहे. समोरच्याला ती ज्या दिवशी मिळते, त्या दिवशी कायद्याच्या दृष्टीनं लवादाची कार्यवाही सुरू होते आणि तुमच्या मागणीची मुदत तिथे थांबते. 'सात दिवसांत पैसे द्या, नाहीतर कायदेशीर कारवाई करू' ही वकिलाची साधी नोटीस या कामाची नाही. वाद लवादाकडे सोपवण्याची मागणी त्यात स्पष्ट हवी. मजकूर साधारण असा ठेवा :

"दि. १० जून २०२२ च्या वर्क ऑर्डरमधील सर्वसाधारण अटींतील अट क्र. २३ नुसार आम्ही खालील वाद लवादाकडे सोपवण्याची मागणी करत आहोत : (१) फायनल बिलापोटी रु. २९,००,०००, (२) रिटेन्शनपोटी रु. ९,००,०००, (३) त्यावरील व्याज. अट क्र. २३ मध्ये नमूद केलेले लवाद कलम १२(५) नुसार अपात्र असल्याने आम्ही एकमेव लवाद म्हणून पुढील तीन नावे सुचवत आहोत. यांपैकी एका नावास ही नोटीस मिळाल्यापासून ३० दिवसांत लेखी संमती द्यावी. अन्यथा आम्ही कलम ११ खाली उच्च न्यायालयात अर्ज करू."

तीन नावं सुचवताना तुमच्या ओळखीचा अभियंता किंवा तुमचेच जुने वकील देऊ नका. निवृत्त न्यायाधीश किंवा या विषयातला अनुभवी वकील, ज्याचा दोन्ही पक्षांशी कसलाही संबंध नाही, अशी नावं द्या.

अटीत तीस दिवस चर्चेचा टप्पा आहे, तो टाळू नका. नोटिशीच्या आधी एक पत्र किंवा ईमेल पाठवून बैठकीची तारीख मागा आणि तीस दिवस जाऊ द्या. उत्तर आलं नाही तरी चालेल, मागितल्याचा पुरावा हवा. हा टप्पा राहिला म्हणून प्रत्येक वेळी अर्ज फेटाळला जातो असं नाही, पण समोरच्याला एक फुकटचा मुद्दा कशाला द्यायचा?

नोटीस कंपनीच्या नोंदणीकृत पत्त्यावर आणि वर्क ऑर्डरवरच्या पत्त्यावर पोचपावतीसह स्पीड पोस्टानं पाठवा, शिवाय ज्या ईमेलवर नेहमी व्यवहार झाला त्यावरही. तीस दिवस तुम्ही पाठवल्यापासून नव्हे, त्यांना मिळाल्यापासून मोजतात. म्हणून पोस्टाच्या ट्रॅकिंगची प्रिंट लगेच काढून ठेवा, काही काळानं ती नोंद संकेतस्थळावर सापडत नाही. आपल्या संस्थेची नोटीस ७ नोव्हेंबर २०२५ ला पोचली असं धरू. म्हणजे ७ डिसेंबर २०२५ ला ३० दिवस झाले.

तीस दिवसांनंतर थांबण्यात अर्थ नाही. अटीत नेमणुकीचा अधिकार समोरच्याला दिलेला असेल, तर तुम्ही अर्ज दाखल करेपर्यंत तो अधिकार त्याच्याकडे राहतो, असं सर्वोच्च न्यायालयानं दातार स्विचगिअर्सच्या २००० सालच्या निकालापासून मानलं आहे. अर्ज दाखल झाला की तो संपतो.

मुदतीची दोन घड्याळं

यावर जरा थांबून विचार करा, कारण सर्वांत महागडी चूक इथे होते. एक मुदत तुमच्या मूळ मागणीची आहे आणि दुसरी कलम ११ च्या अर्जाची. दोन्ही तीन वर्षांच्या, पण सुरू होतात वेगवेगळ्या दिवशी.

२९ लाखांच्या बिलाची रक्कम ३० एप्रिल २०२३ ला देय झाली. तीन वर्षं ३० एप्रिल २०२६ ला संपतात. त्याआधी कलम २१ ची नोटीस कंपनीला मिळाली पाहिजे. आपल्या प्रकरणात ती नोव्हेंबर २०२५ मध्ये मिळाली, म्हणून मागणी मुदतीत आहे. रिटेन्शनचं घड्याळ वेगळं. ती रक्कम काम संपल्यावर बारा महिन्यांनी, म्हणजे २८ फेब्रुवारी २०२४ ला देय होती, असं वर्क ऑर्डरमध्ये आहे असं धरलं, तर तिची मुदत फेब्रुवारी २०२७ पर्यंत आहे. प्रत्येक रकमेची देय तारीख वेगळी काढा, सगळं एका तारखेवर ढकलू नका.

कलम ११ च्या अर्जाची मुदत मात्र समोरच्यानं नोटिशीप्रमाणे लवाद नेमायला चुकल्यापासून सुरू होते, म्हणजे इथे ७ डिसेंबर २०२५ नंतर, आणि ती तीन वर्षं चालते. बीएसएनएल विरुद्ध नॉर्टेल (२०२१) आणि आरिफ अझीम विरुद्ध अ‍ॅपटेक (२०२४) या निकालांत ही मोजणी स्पष्ट झाली आहे.

आता संस्थेनं नोटीस मे २०२६ मध्ये दिली असती असं समजा. अर्जाची मुदत तेव्हापासून नव्यानं सुरू झाली असती, उच्च न्यायालयानं लवादही नेमला असता, आणि लवादापुढे गेल्यावर २९ लाखांची मागणी मुदतबाह्य म्हणून फेटाळली गेली असती. लवाद मिळाला म्हणजे मागणी जिवंत आहे असं मानून लोक फसतात. कंपनीनं मुदत संपण्याआधी 'तुमची इतकी रक्कम देणं आहे' अशी लेखी, सहीची कबुली दिली असेल तर त्या दिवसापासून नवी मुदत मिळू शकते. तशी पत्रं आणि ईमेल शोधून ठेवा. नुसत्या फोनवरच्या 'पुढच्या महिन्यात बघू' या आश्वासनांनी मुदत वाढत नाही.

पाचवी पायरी : अर्ज कुठे आणि कशासह

अटीत लवादाचं स्थान मुंबई लिहिलं आहे. स्थान ठरलेलं असलं की त्या ठिकाणच्या न्यायालयालाच अधिकार असतो, काम कुठे झालं याला महत्त्व राहत नाही. सांगली जिल्ह्याची प्रकरणं १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाच्या कोल्हापूर सर्किट बेंचकडे जातात, म्हणून हा अर्जही तिकडे करावा असं वाटेल. पण स्थान मुंबई असल्यानं तो मुंबईतच दाखल करावा. 'स्थान' न लिहिता नुसतं 'बैठका अमुक शहरात होतील' असं लिहिलं असेल तर मात्र वाद होतो, तो अर्जाआधीच वकिलाशी बोलून घ्या.

एक अपवाद लक्षात ठेवा. व्यावसायिक करारातला एक पक्ष परदेशी नागरिक असेल किंवा नेहमीसाठी परदेशात राहणारी व्यक्ती असेल, तर तो आंतरराष्ट्रीय वाणिज्यिक लवाद होतो आणि नेमणुकीचा अर्ज थेट सर्वोच्च न्यायालयात करावा लागतो. माणूस भारतीय पासपोर्टवर दुबईत किंवा न्यू जर्सीत स्थायिक असला तरी हे लागू होतं. अ‍ॅम्वेच्या २०२१ च्या प्रकरणात अमेरिकेत राहणाऱ्या भारतीय दाम्पत्याच्या व्यवसायाबाबत हेच घडलं आणि उच्च न्यायालयाचा आदेश रद्द झाला.

अर्ज छोटा असावा. पक्ष कोण, करार कोणता, अटीचा पूर्ण मजकूर, वाद थोडक्यात, नोटीस कधी मिळाली, उत्तर काय आलं, दोन्ही मुदती कशा पाळल्या, न्यायालयाला अधिकार कसा, आणि शेवटी मागणी. सोबत वर्क ऑर्डर आणि अटी, त्या पाठवल्याचा ईमेल, चर्चेसाठी लिहिलेलं पत्र, नोटीस, पोचण्याचा पुरावा, उत्तर आलं असेल तर ते, भागीदारांचं अधिकारपत्र आणि नोंदणीचा दाखला जोडा. मोजमाप वह्या आणि साइटवरचे शंभर फोटो जोडायची गरज नाही, ते लवादासाठी राखून ठेवा.

सुनावणीत कंपनी काय म्हणेल

'आम्ही सही केलेली नाही' याचं उत्तर दुसऱ्या पायरीत आलं. 'काम निकृष्ट होतं, आम्हीच दंड वसूल करणार आहोत' हा सरळ गुणावगुणाचा मुद्दा आहे, लवादाचा. 'मागणी मुदतबाह्य आहे' हाही आता बहुतांशी लवादाकडे जातो. १८ जुलै २०२४ च्या एसबीआय जनरल इन्शुरन्स विरुद्ध कृष स्पिनिंग या निकालात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की कलम ११ खाली न्यायालयानं अर्जाची मुदत पाहावी, मागणीच्या मुदतीची तपासणी लवादावर सोपवावी.

त्याच निकालानं सबकॉन्ट्रॅक्टरच्या फार कामाचा आणखी एक प्रश्न सोडवला. कंपनी म्हणते, 'तुम्ही पूर्ण व अंतिम हिशेब मिळाल्याच्या पावतीवर सही केली आहे, आता वाद उरलाच नाही.' ती सही दबावाखाली झाली का, हिशेब खरंच मिटला का, हे पुरावा घेऊन लवाद ठरवेल, आणि अशा पावतीनं लवाद करार आपोआप संपत नाही. पण अशी सही तुमच्याकडून झाली असेल तर अर्जात लपवू नका. कागद समोरच्याकडे आहे, तो दाखवणारच.

मग न्यायालय नकार कधी देतं? लवाद करार कागदावरून प्रथमदर्शनीही दिसत नसेल तेव्हा. कलम २१ ची नोटीसच दिली नसेल तेव्हा. अर्ज तीन वर्षांनंतर आला असेल तेव्हा. आणि अर्ज चुकीच्या न्यायालयात असेल तेव्हा. याखेरीज काही विषय असे आहेत की करारात अट असली तरी ते लवादाकडे टिकत नाहीत, जसं महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याखालचा घरमालक-भाडेकरू वाद. तो त्या कायद्यानं ठरवलेल्या न्यायालयाचाच आहे.

आदेशानंतर

समोरच्याला नोटीस बजावल्यापासून ६० दिवसांत अर्ज निकाली काढण्याचा प्रयत्न करावा असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात कामाच्या बोजानुसार जास्त वेळ लागतो, तो धरून चाला. नेमणुकीआधी न्यायालय नियोजित लवादाकडून लेखी प्रकटन मागवतं : पक्षांशी संबंध आहे का, पुरेसा वेळ देऊ शकतील का. हे प्रकटन तुम्हाला मिळेल तेव्हा बारकाईनं वाचा, हरकत असेल तर मांडण्याची ती वेळ आहे. नेमणुकीच्या आदेशावर अपील नाही, फक्त सर्वोच्च न्यायालयात विशेष अनुमती याचिका करता येते.

खर्चाचा अंदाज आधी करा. कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत २० लाख ते १ कोटीच्या वादासाठी लवादाचं शुल्क ९७,५०० रुपये अधिक २० लाखांवरील रकमेच्या ३ टक्के असं आहे. ३८ लाखांसाठी १८ लाखांचे ३ टक्के म्हणजे ५४,०००. एकूण १,५१,५०० रुपये. लवाद एकटाच असेल तर आणखी २५ टक्के, म्हणजे १,८९,३७५ रुपये. हे शुल्क दोन्ही पक्ष सहसा निम्मं-निम्मं भरतात. कंपनीनं उलट मागणी केली तर तिचं शुल्क वेगळं मोजलं जातं. टायपिंग, जागा आणि तुमच्या वकिलाची फी यात धरलेली नाही.

न्यायालयानं लवाद नेमला म्हणून कराराचा प्रश्न कायमचा मिटला असंही नाही. न्यायालयाचं मत प्रथमदर्शनी असतं. कलम १६ खाली कंपनी लवादापुढे पुन्हा म्हणू शकते की लवाद करार नव्हता, आणि लवाद त्यावर पुरावा घेऊन निर्णय देऊ शकतो. हा आक्षेप तिला बचावाचं निवेदन दाखल करेपर्यंतच घ्यावा लागतो. म्हणून तो ईमेल, त्याला जोडलेल्या अटी आणि 'ऑर्डर मान्य' हे उत्तर मूळ स्वरूपात जपा. मेलबॉक्स बदलताना किंवा जुना संगणक काढून टाकताना हेच कागद हरवतात.